भाडेकरारातली दोन कलमे : इंडेम्निटी आणि लिएन

नोएडा, गुरुग्राम किंवा दिल्लीत घर भाड्याने घेतले की अकरा महिन्यांचा इंग्रजी करार पुढे येतो. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार नोंदवावाच लागतो, म्हणून अकरा महिन्यांची रीत पडली. त्यातले भाडे आणि मुदत सगळे वाचतात. खरा खर्च ठरवणारी दोन कलमे मात्र पुढे असतात.

पहिले इंडेम्निटीचे. ही एकाने दुसऱ्याला दिलेली हमी असते : तुझे नुकसान झाले, तर ते मी भरून देईन. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 124 नुसार असे नुकसान हमी देणाऱ्याच्या वागण्यामुळे झालेले असू शकते, तसे तिसऱ्या माणसाच्या वागण्यामुळेही. म्हणून कलमाची व्याप्ती पाहावी.

समजा, नोएडात वीस हजार भाड्याचे आणि चाळीस हजार अनामत रकमेचे घर आहे. वॉशिंग मशिनचा पाइप नीट न लावल्यामुळे खालच्या घराचे छत खराब झाले आणि मालकाला बारा हजार भरावे लागले. ते भाडेकरूने देणे रास्तच. पण गळती भिंतीतल्या जुन्या नळाची असेल तर? करारात ‘कोणत्याही कारणाने होणारे सर्व नुकसान’ असे लिहिलेले असेल, तर मालक तेही मागू शकतो, आणि मग वाद घालत बसावे लागते. म्हणून सहीपूर्वी तिथे ‘भाडेकरूच्या किंवा त्याच्या घरातल्यांच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द घालून घ्यावेत.

दुसरे कलम लिएनचे. येणे वसूल होईपर्यंत आपल्या ताब्यात आलेली दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हा हक्क. दुरुस्तीला दिलेले घड्याळ मजुरी मिळेपर्यंत कारागीर परत देत नाही, तो याच हक्काने. एकूण येण्यापोटी कोणतीही वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क याच कायद्याच्या कलम 171 ने बँका, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी अशा मोजक्याच लोकांना दिला आहे. घरमालक त्यात नाही. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो, आणि तोही सोपवलेल्या वस्तूंपुरता. भाडेकरूचा फ्रिज त्याच्याच घरात, त्याच्याच ताब्यात असतो. त्यामुळे करारात लिएनची ओळ नसताना थकबाकीसाठी कुलूप लावून सामान अडवायला कलम 171 चा आधार नाही. अशी ओळ दिसली, तर ती काढून टाकायला सांगावी.

अनामत रकमेचे गणित वेगळे असते. ती आधीच मालकाकडे असते आणि करारात लिहिल्याप्रमाणे तिच्यातून वजावट होते. वरच्या उदाहरणात छताचे बारा हजार आणि विजेचे थकलेले तीन हजार वजा केले, तर पंचवीस हजार परत यायला हवेत. त्यासाठी दोन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात : प्रत्येक वजावटीची पावती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत पैसे परत मिळतील ती मुदत. किल्ल्या घेताना भिंती, नळ आणि छताचे फोटो काढून मालकाला पाठवले, तर आधीपासूनचे नुकसान आपल्या खात्यावर टाकणे त्याला अवघड जाईल.