विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातील मुक्त उत्तरांचे विश्लेषण : आशयसूत्रे, वारंवारिता आणि अवतरणे यांतील निवड

प्रस्तावना :

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) २०१७ साली लागू केलेल्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. या सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत पहिले वीस प्रश्न ० ते ४ या श्रेणीत उत्तर मागणारे आहेत. एकविसावा प्रश्न मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. त्यात अध्ययन-अध्यापनाचा अनुभव सुधारण्यासाठी तीन निरीक्षणे अथवा सूचना विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात अशी अपेक्षा असते. याच नमुन्यावर बेतलेली प्रश्नावली अनेक महाविद्यालये वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी स्वतंत्रपणे भरून घेतात.

पहिल्या वीस प्रश्नांची सरासरी संगणक काढून देतो. एकविसाव्या प्रश्नाची उत्तरे मात्र एक्सेलच्या तक्त्यात जशीच्या तशी पडून असतात. पुष्कळदा हा तक्ता अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून एखाद्या प्राध्यापकाकडे कोणत्याही सूचनेविना येतो. सारांश हवा, आकडे हवेत की विद्यार्थ्यांचे शब्द हवेत, हे सांगितलेले नसते. अशा वेळी निवड कोणत्या आधारावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. मुक्त उत्तरांतील आकड्यांचा अर्थ व मर्यादा स्पष्ट करणे.
२. आशयसूत्रांचा सारांश, वारंवारिता आणि अवतरणे यांचे परस्परसंबंध तपासणे.
३. सूचना नसताना स्वीकारावयाच्या कार्यपद्धतीची मांडणी करणे.

विषय विवेचन :

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. देवणीसारख्या तालुक्याच्या गावी एक महाविद्यालय आहे. तालुका लातूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेवरचा. आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी. सर्वेक्षणास ८० विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला. प्रत्येकी तीन याप्रमाणे उत्तरांच्या चौकटी २४० झाल्या. त्यांपैकी ९६ चौकटी रिकाम्या आहेत. ३४ चौकटींत 'नाही', 'छान', 'काही नाही' असा मजकूर आहे. उरलेल्या ११० चौकटींत काही आशय आहे आणि त्या ६२ विद्यार्थ्यांनी भरलेल्या आहेत.

अ) शब्द मोजण्यातील फसगत :

तक्ता हाती येताच शब्द शोधून मोजण्याचा मोह होतो. प्रवासाविषयीच्या तक्रारी किती हे पाहण्यासाठी पुढील सूत्र घातले जाते.

```
=COUNTIF(B2:B111,"*बस*")
```

हे सूत्र 'बस वेळेवर नाही' हे उत्तर मोजते. पण ते 'बसायला बाके नाहीत' हेही उत्तर मोजते, कारण 'बसायला' या शब्दात 'बस' आहेच. याउलट 'गाडी उशिरा येते', 'एस.टी. नाही' अथवा रोमन लिपीत लिहिलेले 'gadi late yete' ही उत्तरे त्याच्या हाती लागत नाहीत. 'वर्ग' शोधला तर 'मागासवर्गीय शिष्यवृत्ती'ही मोजली जाते. ग्रंथालय हा एकच विषय विद्यार्थी ग्रंथालय, वाचनालय, लायब्ररी, लायब्री असा चार प्रकारे लिहितात. म्हणून मराठी मुक्त उत्तरांत शब्दांची मोजणी ही विषयांची मोजणी ठरत नाही. प्रत्येक उत्तर वाचून त्यास सूत्र देणे हाच मार्ग उरतो. ११० उत्तरांसाठी हे काम एका बैठकीत होण्याजोगे आहे.

यासाठी नवा तक्ता करून त्यात चार रकाने ठेवावेत : विद्यार्थ्याचा क्रमांक, मूळ उत्तर, त्यातील सुटा मुद्दा आणि सूत्र. 'पुस्तके वाढवा आणि पाण्याची सोय करा' या उत्तरात दोन मुद्दे आहेत, म्हणून त्याच्या दोन ओळी होतील. आपल्या उदाहरणात ११० उत्तरांचे अशा रीतीने ११८ मुद्दे झाले. सूत्रे ठरल्यावर त्यांतील तीसेक मुद्दे दुसऱ्या सहकाऱ्याकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घ्यावेत. जेथे दोघांची सूत्रे जुळत नाहीत तेथे सूत्राची व्याख्या सैल आहे असे समजावे आणि ती सुधारून सर्व ओळी पुन्हा तपासाव्यात.

ब) मुद्दे मोजावेत की विद्यार्थी? :

वर्गीकरणानंतर पुढील चित्र दिसले असे मानू.

| सूत्र | मुद्दे | विद्यार्थी |
|---|---|---|
| ग्रंथालय व पुस्तके | ३४ | २१ |
| शिकवण्याची पद्धत | २८ | २४ |
| प्रयोगशाळा व संगणक | २३ | १९ |
| तासिकांची वेळ व प्रवास | १५ | १४ |
| पाणी व स्वच्छतागृह | १२ | ११ |
| इतर | ६ | ६ |

मुद्द्यांच्या संख्येने ग्रंथालय पहिले येते, तर विद्यार्थ्यांच्या संख्येने शिकवण्याची पद्धत पहिली येते. याचे कारण साधे आहे. काही विद्यार्थ्यांनी तीनही चौकटींत पुस्तकांविषयीच लिहिले आहे. एखाद्याने तीनदा लिहिले म्हणजे तिघांनी लिहिले असे होत नाही. म्हणून अहवालात विद्यार्थ्यांची संख्या द्यावी आणि एका विद्यार्थ्याची एकाच सूत्राखालील दुसरी नोंद वगळावी.

दुसरा प्रश्न भाजकाचा आहे. शिकवण्याच्या पद्धतीविषयी २४ जणांनी लिहिले. हे प्रमाण सर्व ८० प्रतिसादकांच्या ३० टक्के, तर आशय लिहिणाऱ्या ६२ जणांच्या ३९ टक्के भरते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण भाजक न सांगता त्यांपैकी कोणताही देणे दिशाभूल करणारे आहे. लिहिणाऱ्यांची संख्या तीसहून कमी असेल तर टक्केवारी टाळून 'अमुकपैकी अमुक' असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय.

क) आकडा काय सांगत नाही :

मुक्त उत्तरातील आकडा 'किती जणांना असे वाटते' हे सांगत नाही. 'किती जणांना हे न विचारता आठवले' एवढेच तो सांगतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. मत देताना कोणता प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, हे एका गटास पाच पर्याय देऊन आणि दुसऱ्या गटास पर्यायांविना विचारले गेले. पर्याय दिलेल्या गटात ५८ टक्क्यांनी अर्थव्यवस्था निवडली. पर्याय न दिलेल्या गटात अर्थव्यवस्थेचे नाव ३५ टक्क्यांनीच घेतले. मतदार सारखेच होते, बदलले ते प्रश्नाचे रूप.

यावरून असे म्हणता येते की, स्वच्छतागृहाविषयी ११ जणांनीच लिहिले म्हणून उरलेले ६९ जण समाधानी आहेत, हा निष्कर्ष काढता येत नाही. तसा निष्कर्ष हवा असल्यास पुढील वर्षी तो श्रेणीबद्ध प्रश्न म्हणून विचारावा लागेल.

ड) सारांशाचे खरे काम :

आपल्या उदाहरणात 'अभ्यासक्रम किती पूर्ण झाला' या पहिल्या प्रश्नाची सरासरी ४ पैकी ३.४ आली असे समजू. ही चांगली सरासरी आहे. परंतु प्रवासाविषयी लिहिणाऱ्या १४ पैकी नऊ विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र वाचली असता वेगळीच गोष्ट समोर येते. हे नऊही जण एकाच रस्त्यावरच्या गावांतून येतात. प्रात्यक्षिक दिवसाच्या शेवटी असते आणि त्यांची परतीची शेवटची गाडी त्याच वेळी सुटते. अभ्यासक्रम पूर्ण झाला हे खरेच आहे, पण त्या वेळी हे विद्यार्थी प्रयोगशाळेत नव्हते.

वीस प्रश्नांपैकी एकाही प्रश्नाला ही बाब सापडणार नाही, कारण त्यांत शिक्षकांनी आणि संस्थेने काय केले हे विचारले आहे, विद्यार्थी हजर राहू शकला का हे विचारलेले नाही. वारंवारितेच्या यादीत हे सूत्र चौथ्या क्रमांकावर आहे. केवळ आकडे पाठविले असते तर ते चौथ्या क्रमांकावरच राहिले असते. प्रात्यक्षिक दुपारआधी घेणे हा उपाय मात्र यादीतील सर्वांत कमी खर्चाचा आहे. सूत्राचा सारांश म्हणजे सूत्राचे नाव नव्हे. 'प्रवासाच्या अडचणी' असे लिहिल्याने काहीच कळत नाही. 'शेवटच्या गाडीमुळे दिवसअखेरचे प्रात्यक्षिक बुडते' असे कारण-परिणामासह लिहिले तरच तो सारांश ठरतो.

इ) अवतरणांची निवड :

सारांश विश्लेषकाचा असतो, म्हणून त्याला पुरावा लागतो. ते काम अवतरण करते. 'लायब्रीत पुस्तक भेटत नाही' हे वाक्य 'ग्रंथालयात पुस्तके उपलब्ध होत नाहीत' असे शुद्ध करू नये. शुद्ध केलेले वाक्य विद्यार्थ्याचे राहत नाही. अवतरण सूत्रातील बहुसंख्य उत्तरांसारखे असावे. सर्वांत चटकदार वाक्य बहुधा अपवादात्मक असते.

लहान महाविद्यालयात आणखी एक धोका संभवतो. एखाद्या विषयाच्या तृतीय वर्षात चारच विद्यार्थी असतील आणि अवतरणात विषयाचे अथवा गावाचे नाव असेल, तर लिहिणारा सहज ओळखला जातो. विशेषतः अहवाल संकेतस्थळावर ठेवला जाणार असल्यास अशी नावे काढून तेथे [गाव], [विषय] असे लिहावे. ओळख लपविणे शक्यच नसेल तर ते अवतरण सोडून द्यावे. एकदा एखादा विद्यार्थी ओळखला गेला की पुढील वर्षी बहुतेक चौकटींत 'छान' एवढेच लिहिलेले आढळेल.

ई) एकट्या उत्तराचे काय? :

'इतर' या सहा नोंदींत एखादी नोंद छळाची किंवा गैरवर्तनाची असू शकते. तिची वारंवारिता १ आहे. ती कोणत्याही सारांशात बसत नाही आणि अवतरण म्हणून छापणे तर अयोग्यच आहे. अशी नोंद अहवालाची वाट न पाहता प्राचार्य आणि अंतर्गत तक्रार समिती यांच्याकडे स्वतंत्रपणे, गोपनीय रीतीने द्यावी. म्हणूनच वर्गीकरणापूर्वी सर्व उत्तरे एकदा अथपासून इतिपर्यंत वाचणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१. सूचना नसताना आशयसूत्रांचा सारांश हे मुख्य रूप ठेवावे. श्रेणीबद्ध प्रश्नांनी आकडे आधीच दिलेले असतात. मुक्त उत्तरांकडून कारणे हवी असतात.

२. प्रत्येक सूत्रासोबत एकच संख्या (विद्यार्थी व भाजक) आणि एकच अवतरण द्यावे. संख्या क्रम लावते आणि अवतरण पुरावा देते.

३. 'कोणती पुस्तके हवीत' असा यादी मागणारा प्रश्न असेल तर वारंवारिता प्रमुख ठरते. पुढील वर्षाची प्रश्नावली तयार करावयाची असेल तर विद्यार्थ्यांचे मूळ शब्द अधिक उपयोगी पडतात.

४. अहवालाच्या आरंभी केलेली निवड, रिकाम्या चौकटींची संख्या आणि भाजक एका परिच्छेदात नोंदवावा. चार रकान्यांचा तक्ता जपून ठेवावा. महाविद्यालय विकास समितीने नंतर आकडे अथवा अवतरणे मागितली तर त्याच तक्त्यातून ती देता येतात आणि उत्तरे पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागत नाहीत.