मूळ भोक बदलले की प्रतींचे काय होते?

त्रिमितीय सुट्या भागात एकच आकार अनेकदा लागत असेल, तर तो एकदाच तयार करून कॅड सॉफ्टवेअरकडून त्याच्या प्रती काढून घेतल्या जातात. सरळ रेषेत ठरावीक अंतरावर प्रती काढल्या तर तो लिनियर पॅटर्न, अक्षाभोवती फिरवून काढल्या तर सर्क्युलर पॅटर्न आणि एखाद्या प्रतलाच्या पलीकडे उलटवली तर मिरर. तिन्हींत मूळ फीचर एकच असते आणि प्रती त्याच्यावर अवलंबून राहतात. मूळ भोकाचा व्यास वाढवला की सगळ्यांचा वाढतो आणि मूळच पुसले की सगळीच जातात. खरी अडचण या दोहोंच्या मधल्या बदलांत येते.

पाइप जोडायचा एक फ्लँज घेऊ. बाहेरचा व्यास १६० मिमी, बोल्टांच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १२० मिमी आणि त्यावर ११ मिमीची सहा भोके. एक भोक पाडून त्याचा ६० अंशांवर सहा नगांचा सर्क्युलर पॅटर्न केला. पुढे बोल्टांची संख्या चारवर आणायची ठरली आणि नगांच्या जागी फक्त ४ लिहिले, तर भोके ०, ६०, १२० आणि १८० अंशांवर बसतात. फ्लँजची दुसरी बाजू कोरी राहते. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, कारण सांगितले तेच त्याने केलेले असते. सुरुवातीलाच ‘३६० अंशांत समान अंतर’ हा पर्याय घेतला असता, तर अंतर आपोआप ९० अंश झाले असते.

याच भोकाच्या काठाला नंतर १ मिमीचा चँफर दिला, तर तो पहिल्याच भोकाला लागतो. पॅटर्नला फक्त भोक माहीत असते, चँफर नाही. तो यादीत पॅटर्नच्या वर नेऊन पॅटर्नमध्ये सामील करावा लागतो. उलट, एखाद्याने तिसऱ्या प्रतीच्या काठावर वेगळा चँफर दिला, तर तो त्या काठाला टांगलेला असतो. नग दोन केले की तो काठच नाहीसा होतो आणि फीचर ट्रीमध्ये चँफरपुढे चुकीची खूण उमटते.

काठ डोळ्यांना तोच दिसत असूनही असे घडू शकते. सॉफ्टवेअर प्रत्येक काठाला आतल्या आत एक नाव देते. मूळ स्केचमधले वर्तुळ पुसून तेवढ्याच मापाचे नवे काढले, तर नाव बदलू शकते आणि त्यावर बेतलेले पुढचे काम तुटते किंवा, त्याहून वाईट, दुसऱ्याच काठाला जाऊन चिकटते. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरला या दोषाने वर्षानुवर्षे सतावले. २०२४ च्या १.० आवृत्तीत तो बराच आटोक्यात आला. म्हणून वर्तुळ पुसण्यापेक्षा त्याचे माप बदलणे केव्हाही बरे.

प्रत म्हणजे नेमके काय, हा प्रश्न लिनियर पॅटर्नमध्ये जास्त जाणवतो. २०० मिमी लांबीच्या पट्टीची जाडी एका टोकाला १० मिमी आणि दुसऱ्या टोकाला २० मिमी आहे, म्हणजे वरची बाजू तिरपी आहे. खालच्या सपाट बाजूने, पातळ टोकापासून २० मिमीवर, आरपार भोक पाडले. तिथे जाडी ११ मिमी. दर ४० मिमीवर एक, अशी एकूण पाच भोके केली. प्रत्येक प्रत ‘वरच्या पृष्ठभागापर्यंत जा’ ही सूचना नव्याने पाळत असेल, तर पाचही आरपार जातात. पण गणित वाचवण्यासाठी मूळ भोकाचा तयार आकारच उचलून ठेवला, तर शेवटच्या ठिकाणी सुमारे ११ मिमी खोल भोक पडते आणि वर सुमारे ८ मिमी धातू शिल्लक राहतो. सॉलिडवर्क्समध्ये हा दुसरा पर्याय `Geometry pattern` या नावाने आहे. खालून पाहता पाचही भोके सारखीच दिसतात. छेद घेतला तरच फरक कळतो.

हीच पट्टी १७० मिमीची केली, तर १८० मिमीवरची शेवटची प्रत पट्टीबाहेर जाते. त्यापेक्षा अंतर आकड्यात न लिहिता ‘(लांबी − ४०) ÷ ४’ असे सूत्र द्यावे. लांबी १७० झाली की अंतर ३२.५ मिमी होते आणि दोन्ही टोकांचे २० मिमी कायम राहतात.

मिररमध्ये प्रतल कोणते निवडले यावर सगळे ठरते. ते भागाच्या मध्यावरचे असावे आणि स्केचही त्या मध्यापासूनच मोजलेले असावे. डाव्या कडेपासून ठरावीक अंतरावर प्रतल उभे केले, तर रुंदी वाढवल्यावर ते मध्यावर राहत नाही आणि प्रत भलत्याच जागी पडते. शिवाय मिरर हात बदलतो: प्रत्यक्ष कोरलेले उजवे आटे पलीकडे डावे होतात आणि कोरलेली अक्षरे उलटी. असे आटे आणि अक्षरे मिररबाहेर ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतंत्र काढावी लागतात.

चुकीची खूण सगळे बिघाड दाखवत नसल्यामुळे, मॉडेल पुढे पाठवण्यापूर्वी मुख्य मापे मुद्दाम बरीच कमी-जास्त करून बघतात: नग चार, मग आठ, लांबी १५०, मग ३००. प्रत्येक वेळी भोके मोजून पाहायची आणि शेवटच्या प्रतीतून छेद घ्यायचा. पहिली प्रत बहुधा ठीकच असते. बिघडते ती टोकाची.