दहा पळे सूत, अकरा पळे कापड

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि जोडीला 3000 कार्षापणांची कायम ठेवही दिली. काळ साधारण इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ही रक्कम त्याने ना सावकाराकडे ठेवली ना राजाच्या खजिन्यात. ती ठेवली जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांकडे. एका विणकर श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या विणकर श्रेणीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

आता आकडेमोड करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला 240 कार्षापणे. लेख पुढे सांगतो, की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी मिळावीत. वीस गुणिले बारा, बरोबर 240. दात्याने आधी गरज मोजली आणि मग ठेव ठरवली, हे उघड आहे. हा व्यवहार नगराच्या निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवल्याचेही लेखात म्हटले आहे.

विणकरांवर एवढा भरवसा का? एकटा विणकर आजारी पडेल, मरेल, गाव सोडून जाईल. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना. तिच्यातले लोक बदलत राहतात, पण ती टिकते. शिवाय सूत घ्यायला विणकरांना भांडवल लागतेच, तेव्हा व्याज देणे त्यांना परवडत असणार. एकाच गावात निदान दोन विणकर श्रेणी होत्या आणि दोघींचे दर वेगळे होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. धंद्याची सगळी सूत्रे एकाच संघटनेच्या मुठीत होती, असे निदान गोवर्धनात तरी दिसत नाही.

हा भरवसा टिकवायला नियम होते. श्रेणी आत कशी चालत असे, हे शिलालेख सांगत नाहीत. त्यासाठी कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि स्मृतिग्रंथ उघडावे लागतात. तिथे जे आहे ते कसे असावे याचे नियम आहेत, प्रत्यक्ष घडलेल्याची रोजनिशी नव्हे. तरीही दंडाचे नियम वाचावेत, कारण ज्या लबाडीला दंड आहे ती कोणीतरी करत असणार.

विणकराचेच उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक सूत देई आणि विणकर कापड विणून परत करी. मधल्या मध्ये थोडे सूत हातोहात लांबवणे अगदी सोपे. त्यावर अर्थशास्त्राचा उपाय असा, की दहा पळे सूत दिले तर अकरा पळे कापड परत आले पाहिजे. पळ म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस ग्रॅम. वजन घटण्याऐवजी वाढायचे कसे? सुताला खळ लावून पांजणी करावी लागते आणि ती खळ कापडात राहते. नियम करणाऱ्याला मागाची चांगली माहिती होती म्हणायची. मनुस्मृतीतही दहाला एक पळ वाढ हेच प्रमाण आहे. याज्ञवल्क्य आणखी बारकाईत शिरतो. जाड सुताला शंभर पळांमागे दहा पळे वाढ, मध्यम सुताला पाच आणि तलम सुताला तीनच.

पण तराजूलाही फसवता येते. सूत काढून घ्यायचे आणि खळ जास्त चोपडायची, की वजन जमले. म्हणूनच बहुधा अर्थशास्त्रात गुन्हे वेगवेगळे धरलेले आहेत. कापड मापात कमी भरले तर तेवढी मजुरी कापून वर दुप्पट दंड, वजनात कमी भरले तर तुटीच्या चौपट, आणि सूतच बदलले तर किमतीच्या दुप्पट. लांबी, वजन आणि सुताचा पोत या तिन्ही कसोट्यांतून एकदम सुटणे कोणालाही कठीण. उशीर केला तर मजुरीचा चौथा हिस्सा जाई आणि दंड वेगळा. मजुरीही ठरलेली होती. सुती कापडाला सुताच्या किमतीइतकी, रेशमाला दीडपट.

एवढे कौशल्य हातात यायचे तर उमेदवारी करावी लागे. नारदस्मृतीत तिचे नियम आहेत. कला शिकू इच्छिणाऱ्याने घरच्यांच्या परवानगीने, मुदत नक्की ठरवून आचार्याच्या घरी राहावे. आचार्याने त्याला जेवू घालावे, मुलासारखे वागवावे आणि धंदा सोडून दुसरी कामे सांगू नयेत. (हा नियम करावा लागला, यावरून पोरांना कोणकोणती कामे सांगत असतील ते ओळखावे.) गुरू नीट शिकवत असताना शिष्य पळाला, तर त्याला जबरदस्तीने परत आणावे, शिवाय त्याला मार आणि बंधनाची शिक्षाही होती.

खरी मेख पुढच्या कलमात आहे. शिष्य मुदतीआधी तरबेज झाला तरी त्याने ठरलेला काळ पुरा करायचा आणि तोवरची कमाई आचार्याची. पहिली काही वर्षे उमेदवार सूत वाया घालवतो आणि फुकट जेवतो. शेवटच्या काळात तो उत्तम काम करतो, पण पैसे गुरूला मिळतात. शिक्षणाची फी अशी वसूल होई. हे कलम नसते तर कोणत्या कारागिराने आपली कला परक्या मुलाला मनापासून शिकवली असती?

शिकून झाल्यावर लोक एकत्र काम घेत, तेव्हा वाटणीही ठरलेली असे. एका स्मृतिवचनाप्रमाणे शिकाऊ, जाणकार, कुशल आणि आचार्य यांना अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार भाग. कामाची शंभर नाणी आली आणि चौघे चार पायऱ्यांवरचे असले, तर दहा, वीस, तीस आणि चाळीस.

भावाच्या बाबतीत मात्र श्रेणीला मोकळीक नव्हती. अर्थशास्त्र स्थानिक मालावर व्यापाऱ्याला शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा देते. कारागिरांनी संगनमत करून कामाचा दर्जा उतरवला किंवा खरेदी-विक्रीत अडथळा आणला तर 1000 पण दंड. व्यापाऱ्यांनी साठेबाजी केली तर त्यांनाही तेवढाच. म्हणजे ठेव घेताना ज्या एकजुटीवर भरवसा ठेवायचा, तीच भावाच्या वेळी राज्याला खुपत असे. संघटनेच्या पैशाला हात लावणाऱ्याला किंवा तिचा करार मोडणाऱ्याला याज्ञवल्क्य सर्वस्व जप्त करून देशाबाहेर घालवायला सांगतो.

श्रेणीला बांधलेला माणूस धंद्यालाही कायमचा बांधलेला होता का? मंदसोरचा शिलालेख वेगळेच सांगतो. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची एक श्रेणी दशपुरात, आजच्या मंदसोरात, येऊन राहिली. त्यातले काही विणतच राहिले, काही धनुर्विद्येत, काही ज्योतिषात, काही कथा सांगण्यात रमले. धंदे पांगले तरी श्रेणी मोडली नाही. तिने मालव संवत 493 मध्ये, म्हणजे इ.स. 436-37च्या सुमारास, सूर्यमंदिर बांधले आणि 36 वर्षांनी त्याची पडझड झाल्यावर दुरुस्तीही स्वतःच केली.