दिवाळीचा महिना वेगळा

सकाळी ७ : चहा होईपर्यंत मेल उघडला. लाकडी घाण्याचं तेल काढणाऱ्या एका कंपनीने लिहिलंय, ‘मीडिया किट पाठवा.’ मुदत उद्यापर्यंत. म्हणजे माझा पाककृतींचा ब्लॉग कोण वाचतं, मी किती पैसे घेते आणि काम कसं करते, हे दोन पानांत मांडायचं.

९ : ॲनालिटिक्स. ऑक्टोबरात २८ हजार वाचक, नोव्हेंबरात ११, डिसेंबरात १०. तिन्हींची बेरीज ४९ हजार. आकडा भारदस्त वाटतो, पण खोटा. कारण तिन्ही महिने येणारी बाई त्यात तीनदा मोजली जाते. सरासरीही फसवी, कारण ऑक्टोबर फराळाचा. कंपनीची जाहिरात लागणार मार्चमध्ये. म्हणून लिहिलं : ‘एरवी महिन्याला १० ते ११ हजार, दिवाळीच्या महिन्यात २८.’ खाली तारखेसह स्क्रीनशॉट. मग शहरं : पुणे ३१ टक्के, मुंबई २४. त्यांचं तेल याच दोन शहरांत मिळतं, म्हणून हा आकडा सगळ्यात वर घेतला.

११ : नमुने. सगळ्यात देखणा लेख मोदकांचा, पण त्यात तेलाचं काम काय? ‘चकली तेलात का विरघळते’ हा लेख निवडला. मोहन जास्त झालं की चकली सुटते, हे त्यात तीन घाण्यांच्या फोटोंसह दाखवलंय. सर्च कन्सोलमध्ये पाहिलं, तर लोक नेमका हाच प्रश्न टाइप करून येतात. तेल विकणाऱ्याला हवा तो वाचक इथेच आहे.

दुपारी २ : दर. इथे हात आखडतो. म्हणून वही घेतली. एका लेखाला पदार्थ दोनदा करणं, फोटो, लिहिणं, दुरुस्त्या मिळून १४ तास. तासाला ६०० धरले तर ८,४०० रुपये, सामान ९००. एकूण ९,३००. फोटो त्यांच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर तीन महिन्यांचे ३,५०० वेगळे. गेल्या वर्षी हे लिहिलं नव्हतं; एका मसाल्यावाल्याने माझी भाजी वर्षभर पाकिटावर छापली आणि मला बोलायला जागा नव्हती. तीन महिने दुसऱ्या तेलाचं काम न घेण्याची अट असेल, तर त्याचेही वेगळे.

४ : अटी चार ओळींत. लेखावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट दिसेल, दुव्याला `rel="sponsored"` लागेल, दुरुस्त्या दोनदाच, निम्मे पैसे आधी.

६ : पीडीएफ बहिणीला पाठवली. ती दुकान चालवते. तिचा फोन : “ताई, दर दुसऱ्या पानावर तळाला का लपवलेस?”

७ : दर वर आणले. मेल पाठवला आणि कणीक मळायला घेतली.