भाव घसरतो, आरएसआय चढतो : विसंगतीचा संकेत खरा की फसवा?

हरियाणातील मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात 18 जुलै 2012 रोजी हिंसाचार झाला. त्यात कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात कंपनीचा समभाग सुमारे नऊ टक्क्यांनी कोसळला. एका बातमीने झालेली अशी घसरण आलेखावर वेगळाच परिणाम करते. त्यानंतर काही दिवसांनी तेथे तेजीचा एक संकेत उमटू शकतो आणि तो बहुधा फसवा असतो.

या संकेताला डायव्हर्जन्स, म्हणजेच भाव आणि ऑसिलेटर यांच्यातील विसंगती, असे म्हणतात. ऑसिलेटर हे भावाच्या चालीचा वेग मोजणारे साधन होय. त्यांतील सर्वाधिक प्रचलित आरएसआय जे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. वाढीच्या दिवसांतील सरासरी वाढ आणि घसरणीच्या दिवसांतील सरासरी घट काढून, दोहोंच्या बेरजेत वाढीचा वाटा शेकडा किती, हे तो सांगतो. गणनेसाठी साधारणतः 14 सत्रे धरली जातात. रोजची नवी सरासरी काढताना कालच्या सरासरीला 13 ने गुणून त्यात आजचा आकडा मिळवतात व बेरजेला 14 ने भागतात.

भावाने आधीच्या तळापेक्षा खालचा तळ गाठला, पण आरएसआयचा तळ मात्र आधीपेक्षा वर राहिला, तर ती तेजीदर्शक विसंगती होय. याउलट भावाने नवे शिखर गाठले आणि आरएसआयचे शिखर आधीपेक्षा खाली राहिले, तर ती मंदीदर्शक विसंगती होय. दोन्ही प्रकारांत अर्थ एकच असतो : चाल त्याच दिशेने सुरू आहे, परंतु तिचा वेग ओसरला आहे. दिशा बदलली, असा त्याचा अर्थ होत नाही.

मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्सने दोन्ही प्रकारांची उदाहरणे थोड्याच काळात दिली. सप्टेंबर 2007 च्या उत्तरार्धापासून 29 ऑक्टोबरपर्यंत सेन्सेक्स साडेतीन हजारांहून अधिक अंशांनी वाढून 20 हजारांच्या उंबरठ्यावर पोहोचला. त्यानंतर 8 जानेवारी 2008 रोजी तो 20,873 या उच्चांकावर बंद झाला. मात्र या दहा आठवड्यांतील भर जेमतेम 900 अंशांची होती. भावाचे शिखर उंच आणि वेग मंद, अशी ही मंदीदर्शक विसंगती होती. त्याच महिन्याच्या 21 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 1,408 अंशांनी कोसळला.

तेजीदर्शक विसंगती त्यानंतरच्या मंदीच्या अखेरीस दिसली. सेन्सेक्स 24 ऑक्टोबर 2008 रोजी एका दिवसात सुमारे 11 टक्के घसरला आणि 27 ऑक्टोबरला 8,509 वर बंद झाला. पुढे 9 मार्च 2009 रोजी तो 8,160 वर, म्हणजे आणखी खाली, बंद झाला. परंतु या वेळची घसरण संथ होती, त्यामुळे आरएसआयचा तळ ऑक्टोबरमधील तळापेक्षा बराच वर राहिला. मार्चमधील हाच तळ अखेरचा ठरला.

हे उदाहरण वाचतानाही एक दक्षता आवश्यक आहे. दिवसभरातील नीचांक पाहिला, तर 27 ऑक्टोबरला सेन्सेक्स 7,697 पर्यंत उतरला होता आणि मार्चमध्ये तो तेवढा खाली गेलाच नाही. दिवसाचे नीचांक पाहणाऱ्यास येथे विसंगती दिसणार नाही, बंद भाव पाहणाऱ्यास दिसेल. आरएसआय बंद भावांवरून काढला जातो, म्हणून तुलनाही बंद भावांचीच करणे योग्य ठरते. निफ्टीचा मार्चमधील बंद तळ तर ऑक्टोबरमधील तळापेक्षा वरच होता. तेथे ही विसंगती निर्माणच झाली नाही.

आता मानेसरसारख्या धक्क्याचा हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समभागाचा भाव 1,200 रुपये आहे. सरासरी वाढ 8 रुपये आणि सरासरी घटही 8 रुपये, म्हणजे आरएसआय 50 आहे. बातमी येते आणि भाव एका दिवसात 108 रुपयांनी पडून 1,092 होतो. आठला तेराने गुणून त्यात 108 मिळवले व बेरजेला चौदाने भागले, की सरासरी घट 15.14 रुपये होते. सरासरी वाढ 7.43 रुपयांवर येते. आरएसआय एका झटक्यात सुमारे 33 वर उतरतो.

यानंतर चार दिवस भाव रोज 12 रुपयांनी वाढून 1,140 वर जातो. मग सहा दिवस तो रोज 9 रुपयांनी घसरून 1,086 वर येतो. हा नवा, अधिक खालचा तळ होय. पण आरएसआय काढल्यास तो सुमारे 34.5 येतो, म्हणजे आधीच्या तळापेक्षा वर. व्याख्येनुसार ही तेजीदर्शक विसंगती झाली. प्रत्यक्षात भाव सलग सहा दिवस उतरतो आहे आणि खरेदीदार परतल्याचे कोणतेही चिन्ह नाही. त्या 108 रुपयांच्या एका दिवसाचा प्रभाव सरासरीतून रोज थोडा थोडा ओसरत गेला, एवढेच घडले आहे. दहा सत्रांनंतर त्या दिवसाचे वजन निम्म्याहूनही कमी उरते.

हा फसवा संकेत ओळखण्याची खूण सोपी आहे. आरएसआयचा पहिला तळ कशामुळे तयार झाला, हे पाहावे. तो अनेक दिवसांच्या विक्रीतून आलेला असेल, तर तुलनेला अर्थ आहे. तो एकाच मोठ्या पडझडीतून आलेला असेल, तर त्या दिवसानंतर काही काळ कोणतीही संथ घसरण विसंगतीसारखी दिसेल. मानेसर प्रकरणात कारखान्याची टाळेबंदी 21 ऑगस्ट 2012 रोजी उठली आणि वर्षअखेर समभाग हिंसाचारापूर्वीच्या भावाच्या वर होता. ही भरपाई मात्र उत्पादन पुन्हा सुरू होण्यासारख्या घडामोडींवर अवलंबून होती. आरएसआयला त्यांची पूर्वसूचना मिळणे शक्य नव्हते.

फसवणुकीचा दुसरा मोठा स्रोत म्हणजे जोरदार कल. तेजीचा पहिला टप्पा वेगवान असतो आणि आरएसआय 80 च्या वर जातो. पुढे भाव संथपणे पण सातत्याने वाढत राहिला, की प्रत्येक नव्या शिखरावर आरएसआय खालीच दिसतो. अशा वेळी मंदीदर्शक विसंगती लागोपाठ उमटतात आणि भाव मात्र चढतच राहतो. घसरणीतही हेच घडते. सेन्सेक्स 20 नोव्हेंबर 2008 रोजी 8,451 वर, म्हणजे ऑक्टोबरमधील तळाच्या खाली, बंद झाला होता. विसंगती तेव्हाही होती. त्यानंतर उसळी आली, पण ती टिकली नाही आणि मार्चमध्ये बाजार आणखी खाली गेला.

म्हणूनच अनुभवी विश्लेषक विसंगती दिसताच निर्णय घेत नाहीत. दोन तळांमधील शिखर भावाने ओलांडले की मगच ते संकेत पक्का मानतात. सेन्सेक्सच्या बाबतीत हे शिखर नोव्हेंबर 2008 च्या प्रारंभी 10,600 च्या आसपास होते आणि ते एप्रिल 2009 मध्ये ओलांडले गेले. तोवर तळापासून सुमारे 30 टक्के वाढ होऊन गेली होती. खात्रीची किंमत ही अशी मोजावी लागते. ती टाळू पाहणाऱ्याने, संकेत चुकल्यास ज्या भावाला बाहेर पडायचे तो भाव खरेदीपूर्वीच निश्चित करणे आवश्यक असते. तेजीदर्शक विसंगतीत तो भाव सामान्यतः दुसऱ्या तळाच्या किंचित खाली ठेवला जातो.