एका अंड्याचं अर्धं कसं करायचं?

ईदची बिस्किटं असोत की रविवारचा छोटा केक, कृती निम्मी करायला बसलं की एका ठिकाणी हात थांबतो. पाव किलो मैद्याचा १२५ ग्रॅम होतो, साखर निम्मी होते, लोणी निम्मं होतं. मग शेवटी ओळ येते, "अंडं : १". आता या एकाचं अर्धं कसं करायचं?

बहुतेक घरांत यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे, "जाऊ दे, अख्खंच घाल, एका अंड्याने काय होतंय!" दुसरं म्हणजे, अंडं घालायचंच नाही, त्याऐवजी थोडं दूध. या दोन्हींनी बिस्किटं बनतात, पण ती त्या कृतीतली नसतात. अंड्याचं अर्धं करणं मुळात अवघड नाही. त्याचे दोन सरळ मार्ग आहेत. एक तोलून आणि दुसरा फेटून मापून.

एका अंड्यात किती असतं?

आपण अंडी मोजून विकत घेतो, तोलून नाही. कळवा नाक्यावर घ्या की खारेगावात, दुकानदार डझन किंवा ट्रेचा भाव सांगतो. पण एकाच ट्रेमधली दोन अंडी हातात घेतली तरी फरक जाणवतो. ॲगमार्कच्या प्रतवारीत ४५ ते ५२ ग्रॅमचं अंडं मध्यम आणि ५३ ते ५९ ग्रॅमचं मोठं समजलं जातं. गावरान अंडं बहुधा याहूनही लहान असतं.

हे वजन कवचासकट आहे. कवच साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त असतं. म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं फोडलं की वाटीत सुमारे ४८ ग्रॅम पडतं. त्यात पांढरं साधारण दोन हिस्से आणि पिवळा बलक, ज्याला आपल्या घरांत जर्दी म्हणतात, एक हिस्सा. त्या ४८ ग्रॅमपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश, म्हणजे ३६ ग्रॅमच्या आसपास, नुसतं पाणी असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अख्खं घातलं तर काय होतं?

एक नेहमीची कृती घेऊ. मैदा २५० ग्रॅम, लोणी १२५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलचीपूड आणि अंडं एक. घरात दोनच माणसं आहेत, किंवा ईदच्या आधी एकदा करून बघायचंय, म्हणून हे सगळं निम्मं केलं. मैदा १२५, लोणी ६२, साखर ६२, बेकिंग पावडर पाव चमचा. या हिशेबाने अंडं हवं २४ ग्रॅम.

आता यात अख्खं अंडं पडलं, तर १२५ ग्रॅम मैद्याला १८ ग्रॅमऐवजी ३६ ग्रॅम पाणी मिळतं. म्हणजे एका मोठ्या चमच्याहून जास्त पाणी वरून ओतल्यासारखं झालं. पीठ हाताला चिकटतं, गोळे वळत नाहीत. मग आपण काय करतो? मैद्याची एक मूठ भुरभुरवतो, मग आणखी एक. पीठ हाताळण्याजोगं होतं खरं, पण मैदा वाढला आणि लोणी, साखर तेवढीच राहिली. बिस्किट भाजल्यावर कमी गोड, कमी खुसखुशीत आणि कडक लागतं.

मैदा न वाढवता तसंच भाजलं, तर दुसरी गोष्ट दिसते. जास्तीचं पाणी भट्टीत वाफ होऊन बिस्किट फुगवतं आणि अंड्यातली प्रथिनं आवळून त्याला धरून ठेवतात. बिस्किट तोडल्यावर चुरा पडत नाही, ते पावासारखं दबतं. शिवाय अंड्याचा वास वेलचीच्या वर येतो. मुलं अशा बिस्किटाला "केकसारखं झालंय" म्हणतात आणि त्यांचं बरोबर असतं.

उलट, अंडं अजिबात टाळलं तर पीठ बांधणारं काही राहत नाही आणि बिस्किट तव्यावरून उचलतानाच भुसभुशीत होऊन मोडतं. दुधाने ओलावा येतो, पण जर्दीतला स्निग्धपणा आणि अंड्याची पकड दुधात नसते.

आधी नीट फेटणं

तोलायचं असो की मापायचं, पहिली पायरी एकच आहे. न फेटलेलं अंडं अर्धं होत नाही. पांढरं एका लोळ्यात सरकतं आणि चमच्याबरोबर एकतर सगळं येतं किंवा काहीच येत नाही. जर्दी ज्या वाट्यात जाईल तिथे स्निग्धांश जास्त आणि दुसऱ्यात नुसतं पाणी, असं होतं.

म्हणून अंडं वाटीत फोडा, चिमूटभर मीठ घाला आणि काट्याने फेटा. मिठाने पांढऱ्याचा चिकट लोळा लवकर सुटतो आणि मिश्रण पातळ होतं. काटा वाटीच्या तळाशी, आडवा फिरवा. वर उचलून फेस काढायचा नाही. आमलेटसाठी फेस चांगला, इथे नाही, कारण फेसात हवा असते आणि माप चुकतं. मिश्रण एकसारखं पिवळं झालं, काटा वर उचलल्यावर त्यातून पांढऱ्याचे तार लोंबले नाहीत, म्हणजे झालं. तरीही दोरीसारखे पांढरे धागे दिसले तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. ते धागे जर्दीला मधोमध धरून ठेवणारे असतात, सहज फुटत नाहीत. वर फेस आलाच असेल तर वाटी दहा मिनिटं तशीच झाकून ठेवा.

तोलून अर्धं

घरात ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असेल तर हा मार्ग सर्वांत चोख आहे. काट्याची सुईवाली जुनी जात इथे चालणार नाही, तिला चोवीस ग्रॅम कळतच नाहीत.

फेटलेल्या अंड्याची वाटी काट्यावर ठेवा आणि शून्याचं बटण दाबा. आता वाटीतून चमच्याने अंडं काढून पिठात घालत जा. काटा उणे आकडा दाखवेल, उणे ५, उणे १२, उणे २०. उणे २४ आला की थांबा. पिठाचं भांडं काट्यावर ठेवून वरून ओतण्यापेक्षा हे बरं, कारण ओतताना धार जास्त पडली तर ती परत काढता येत नाही. इथे मात्र चमचा वाटीवर झटकून जास्तीचं परत टाकता येतं. एखादा ग्रॅम इकडे-तिकडे झाला तरी बिस्किटाला कळत नाही.

तोलण्याचा आणखी एक फायदा आहे. परदेशी कृतीत "एक मोठं अंडं" लिहिलेलं असतं, तेव्हा त्यांना कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅम अपेक्षित असतं. तुमच्या हातातलं अंडं लहान असेल आणि वाटीत ४२ ग्रॅमच पडलं असेल, तर त्याचं निम्मं २१ होतं. पण कृतीचं निम्मं आहे २५. अशा वेळी आपल्या अंड्याचं नव्हे, तर कृतीतल्या अंड्याचं अर्धं घ्यायचं, म्हणजे २५ ग्रॅम. अम्मीच्या वहीतल्या कृतीत मात्र नुसतं "एक अंडं" असतं. ती कृती बाजारातल्या जशा मिळेल तशा अंड्यावर बसलेली आहे. तिथे आपल्या अंड्याचं सरळ निम्मं घेतलं तरी चालतं.

काटा नसेल तर मापून

मापाच्या चमच्यांचा संच असेल, तर मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा असतो. ४८ ग्रॅम फेटलेलं अंडं जवळजवळ तीन मोठे चमचे भरतं. म्हणून अर्धं म्हणजे दीड मोठा चमचा, किंवा साडेचार लहान चमचे. खोकल्याच्या औषधावरचं रेषा असलेलं झाकण घरात असतंच. ते गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घेतलं तर तेही चालतं. २० मिलिलिटर आणि वर अर्धं ५ घेतलं की झालं.

रोजच्या स्टीलच्या चमच्यांवर मात्र हे आकडे लावू नका. प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. पण त्याच चमच्याने दुसरं काम होतं. दोन सारख्या वाट्या घ्या. फेटलेल्या अंड्याचा एक चमचा या वाटीत, एक त्या वाटीत, पुन्हा एक इथे, एक तिथे. चमचा लहान असो की मोठा, दोन्हीकडे सारखंच पडतं, कारण इथे आपण मिलिलिटर मोजत नाही, वाटणी करतो. चौथी-पाचवीच्या मुलाला अपूर्णांक समजावताना हे काम त्याच्याच हाताने करून घ्या, त्याला फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर कळेल. चमचा दर वेळी सारखा भरा आणि तळाशी चिकटलेलं बोटाने पुसून घ्या, कारण अंडं भांड्याला धरून राहतं.

पीठ काय सांगतं

अंडं बरोबर पडलं की पीठ भांड्याच्या कडा सोडतं, तळहाताला चिकटत नाही आणि मुठीत दाबलं की गोळा टिकतो. गोळा दाबताना कडेला चिरा पडून तुटत असेल, तर उरलेल्या अंड्यातलं पाव चमचा घाला, मळा, पुन्हा पाहा. मैद्याचा कोरडेपणा दर पाकिटाला थोडा बदलतो, म्हणून एवढी जागा ठेवावी लागते. कमी असेल तर घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही.

वरच्या मापाने साधारण पंधरा ग्रॅमची अठरा बिस्किटं होतात. बिस्किटाचा आकार तोच ठेवला तर भट्टीचं तापमान आणि वेळही तीच राहते, फक्त ट्रे एक कमी लागतो. केक निम्मा केला असेल तर भांडंही लहान घ्या. आठ इंची गोल भांड्यातला केक निम्मा करून सहा इंची भांड्यात ओतला की उंची जवळपास तीच येते. वेळ मात्र काही मिनिटं कमी लागते, म्हणून लवकर तपासा.

उरलेलं अर्धं

ते फेकायचं नाही. त्यातलं थोडं ब्रशने बिस्किटांवर भाजण्याआधी लावा, वरून छान तांबूस चकाकी येते. बाकीचं झाकणाच्या डबीत लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. सकाळच्या आमलेटमध्ये दोन अंड्यांबरोबर ते सहज जातं. आपल्याकडच्या उकाड्यात फोडलेलं अंडं ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका आणि त्याची वाटी, काटा, गाळणी साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरू नका. डबीवर तारीख लिहून ठेवली तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळतं, की हे अर्धं अंडं कधीचं आहे.