झोपून वाचण्याचा चष्मा: प्रिझमला नंबर नसतो

झोपून वाचण्याच्या चष्म्यात भिंगांऐवजी काचेचे किंवा प्लॅस्टिकचे दोन जाड प्रिझम असतात. पाठीवर सपाट पडलेल्या माणसाची नजर छताकडे असते. प्रिझम ती ९० अंशांत पायांकडे वळवतो, म्हणून छातीवर किंवा पोटावर उभे टेकवलेले पुस्तक मान न उचलता दिसते. आत प्रकाश दोनदा परावर्तित होतो, त्यामुळे अक्षरे सुलटी राहतात. एकाच आरशाने ती उलटी दिसली असती.

या चष्म्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की तो घातला म्हणजे वाचायचा चष्मा लागत नाही. हे साफ चूक आहे. प्रिझमच्या बाजू सपाट असतात. तो नजरेची दिशा बदलतो, अक्षर स्पष्ट करत नाही. नंबर भिंगाच्या वक्रतेत असतो आणि ती इथे नाहीच.

पाम गावचा, तारापूरच्या कारखान्यात काम करणारा ५८ वर्षांचा एक माणूस उदाहरणादाखल घेऊ. मांडीचे हाड मोडल्यामुळे पायाला वजन लावून त्याला सपाट झोपवले आहे. दूरचे त्याला स्वच्छ दिसते, जवळचा नंबर प्लस अडीच आहे. नुसता प्रिझम लावला तर ४० सेंटिमीटरवरचे वर्तमानपत्र त्याला पुसटच दिसणार, आणि घरचे म्हणणार, चष्मा खराब निघाला. खराब काही नसते. आधी वाचायचा चष्मा आणि त्यावर प्रिझम, एवढेच करायचे असते.

तरीही पुसट दिसत असेल, तर आतला चष्मा बहुधा बायफोकल असतो. त्याचा वाचायचा भाग खाली असतो. प्रिझममधून मात्र नजर भिंगाच्या मध्यातून, म्हणजे दूरच्या भागातून जाते. यावर उपाय फक्त जवळच्या नंबरचा साधा चष्मा. याउलट, ज्याचा दूरचा नंबर उणे अडीच आहे, त्याने चष्मा काढून नुसता प्रिझम लावला तरी ४० सेंटिमीटरवरचे नीट वाचता येते.

तिरळेपणावर किंवा दोन-दोन दिसण्यावर डॉक्टर देतात तो प्रिझम हा नव्हे. डॉक्टरांचा प्रिझम प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर सरकणे, जेमतेम अर्धा अंश. झोपून वाचण्याच्या चष्म्याने नंबर उतरत नाही, तिरळेपणा बरा होत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाला तो लागतो, हेही खरे नाही. पाठीचा मणका, खुबा किंवा मांडी मोडल्याने ज्याला डोके वर करायची मनाई आहे, त्याला तो खरा उपयोगी. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलता येत असेल, तर साधा चष्मा पुरतो. हात चालत नसतील, तर पुस्तकाला स्टँड हवाच. मोतीबिंदूमुळे किंवा पडद्याच्या विकाराने अक्षर दिसत नसेल, तर प्रिझमने ते दिसू लागत नाही.

पहिल्या दिवशी गरगरल्यासारखे वाटू शकते, म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटेच वाचावे. उठून बसण्याआधी हा चष्मा काढावाच, कारण तो लावून समोर पाहिले तर दिसते ते पायाखालचे.